रस उतरला की आयोडीन उतरलं?

व्हिटॅमिन सीच्या टायट्रेशनमध्ये वेळ गेला की दोन गोष्टी बिघडतात. फ्लास्कमधल्या रसातलं व्हिटॅमिन सी हवेनं कमी होतं आणि बाटलीतलं आयोडीन उडून जातं. प्रॅक्टिकलच्या वहीत दोन्हींचं कारण एकाच ओळीत उरकलेलं असतं: ‘उशीर झाल्यामुळे चूक’. उत्तरावर मात्र दोन्हींचा परिणाम नेमका उलटा होतो, आणि गोंधळ तिथेच होतो.

अभिक्रिया साधी आहे. एक मोल अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच व्हिटॅमिन सी, एक मोल आयोडीन खातं. आम्ल संपलं की पुढचा थेंब स्टार्चबरोबर निळा-काळा रंग देतो, तोच शेवट. 0.005 मोलर आयोडीनचा 1 मिलि म्हणजे 0.88 मिग्रॅ व्हिटॅमिन सी. समजा, मोसंबीच्या 20 मिलि रसात खरोखर 10 मिग्रॅ आहे, म्हणजे 100 मिलिला 50. ब्युरेटवर वाचन येईल 11.36 मिलि.

आता रस पिळून बराच वेळ उघडा ठेवला आणि त्यातलं 6 टक्के व्हिटॅमिन गेलं. उरलं 9.4 मिग्रॅ, वाचन आलं 10.67, उत्तर 47. इथे चूक गणिताची नाही. रसात आयोडीननं मोजता येईल असं व्हिटॅमिन खरंच तेवढंच उरलेलं आहे. मात्र हवेनं ते आधी डीहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होतं, जे शरीराला अजून उपयोगी पडतं, पण आयोडीनला ते दिसत नाही. तांब्याचा अंश असला की हे फार वेगानं होतं, म्हणून या कामात तांब्या-पितळेचं भांडं नको. उपाय एकच: पिळताक्षणी रसात ऑक्झॅलिक किंवा मेटाफॉस्फोरिक आम्ल मिसळायचं आणि लगेच टायट्रेट करायचं.

दुसरी बाजू पाहू. रस ताजा आहे, पण आयोडीनची बाटली सैल झाकणाची आहे, आणि 0.005 मोलरचं द्रावण 0.0047 वर उतरलंय. लेबलवर अर्थातच 0.005 लिहिलेलंच आहे. आयोडीन कमी झालं म्हणजे उत्तरही कमी येईल, असं वाटतं ना? होतं उलट. त्याच 10 मिग्रॅसाठी आता 12.08 मिलि ओतावं लागतं, आपण त्याला लेबलवरच्या आकड्यानं गुणतो आणि उत्तर येतं 53.2. हे व्हिटॅमिन रसात कधी नव्हतंच. (पोटॅशियम आयोडाइड भरपूर घातलं की आयोडीन द्रावणात धरून राहतं, उडणं कमी होतं, पण थांबत नाही.)

दोन्ही चुका एकाच दुपारी झाल्या तर? 9.4 मिग्रॅला 0.0047 मोलर आयोडीन पुन्हा 11.36 मिलिच लागेल. उत्तर 50! ताज्या रसाबद्दल विचाराल तर ते बरोबरही आहे, पण निव्वळ योगायोगानं. म्हणूनच तीन वाचनं जुळली, की काम झालं असं मी मानत नाही. लागोपाठ घेतलेली तिन्ही वाचनं सारखीच चुकलेली असू शकतात.

ओळखायचं कसं? 100 मिग्रॅ शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्ल तोलून 100 मिलि पाण्यात विरघळवा आणि त्यातलं 10 मिलि घ्या. यालाही 11.36 मिलिच लागायला हवं. 12.08 लागलं, तर दोष आयोडीनचा, आणि खरी तीव्रता त्याच वाचनावरून काढता येते. हे वाचन 11.36 ला ठाम आहे, पण त्याच रसाचं वाचन तासाभरानं उतरलं, तर दोष रसाचा. एक मेख आहे: हे प्रमाण द्रावणही हवेत खराब होतं. सकाळी केलेलं संध्याकाळी वापरलं, तर तपासणाराच चुकीचा. दर वेळी नवं तोला.

आयोडीनची कटकटच नको असेल, तर ब्युरेटमध्ये पोटॅशियम आयोडेट भरा. फ्लास्कमध्ये आयोडाइड आणि आम्ल ठेवलं, की आयोडीन जागच्या जागी तयार होतं: KIO3 + 5KI + 6H⁺ → 3I2 + 6K⁺ + 3H2O. आयोडेट उडत नाही आणि शुद्ध तोलता येतं. एक मोल आयोडेट तीन मोल अॅस्कॉर्बिक आम्लाला पुरतं, एवढं फक्त गणितात विसरू नका.

बाटलीबंद स्क्वॅश असेल, तर मात्र ही कसोटी फसते. त्यात टिकण्यासाठी घातलेल्या केएमएसमधला, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइटमधला, सल्फर डायऑक्साइडही आयोडीन खातो, आणि त्याचा 1 मिग्रॅ आपल्या हिशोबात 2.75 मिग्रॅ व्हिटॅमिन सी बनून येतो. प्रमाण द्रावणाचं वाचन चोख आणि रसाचं उत्तर मात्र फुगलेलं, असं दिसलं की आधी बाटलीवरची घटकांची यादी वाचा.