एफ-वन चांगला, तरी निवड चुकीची: फसवणूक आणि स्पॅमचं वेगळं गणित

कोल्हापुरातल्या एखाद्या सहकारी बँकेत दिवसाला १,००,००० ऑनलाइन व्यवहार होतात आणि त्यातले १०० फसवणुकीचे असतात, असं समजू. प्रत्येक व्यवहाराला डोळे झाकून ‘ठीक’ म्हणणारी प्रणाली बसवली, तर ती ९९.९ टक्के वेळा बरोबर ठरते आणि खातेदारांचा एक रुपयाही वाचवत नाही. म्हणून ‘प्रणाली किती टक्के बरोबर?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावे लागतात. संशयित म्हणून जेवढे व्यवहार अडवले, त्यातले खरोखर फसवणुकीचे किती? हे प्रिसिजन. आणि फसवणुकीचे जेवढे होते, त्यातले हाती किती लागले? हे रिकॉल.

प्रणाली प्रत्येक व्यवहाराला संशयाचे गुण देते. किती गुणांपुढे अडवायचं, ती सीमा माणसं ठरवतात. सीमा खाली ठेवली आणि ३२० व्यवहार अडले, त्यात ८० खरे निघाले, तर प्रिसिजन २५ टक्के आणि रिकॉल ८० टक्के. सीमा वर नेली, ६० अडले आणि ५० खरे निघाले, तर प्रिसिजन ८३ टक्क्यांवर जातं, पण रिकॉल ५० टक्क्यांवर येतो. मॉडेल तेच आहे, हलली ती फक्त सीमा.

दोन्ही आकडे एकात आणायला हरात्मक मध्य वापरतात, त्यालाच एफ-वन म्हणतात. साधी सरासरी इथे का चालत नाही? सगळेच्या सगळे व्यवहार अडवले तर रिकॉल १०० टक्के आणि प्रिसिजन ०.१ टक्के होतं. साधी सरासरी ५० टक्के येते, म्हणजे बँक बंद पाडणाऱ्या प्रणालीला निम्मे गुण. हरात्मक मध्य मात्र ०.२ टक्के येतो, कारण तो कमी असलेल्या आकड्याकडे झुकतो. मोजायला सोपं आहे: बरोबर पकडलेल्यांची दुप्पट, भागिले अडवलेले आणि खरे फसवे यांची बेरीज.

या सूत्राने खालच्या सीमेचा एफ-वन ०.३८ येतो आणि वरच्या सीमेचा ०.६३. म्हणजे वरची सीमा निवडावी? आता पैशात मोजू. निसटलेल्या एका फसवणुकीत सरासरी २०,००० रुपये जातात आणि अडवलेल्या व्यवहारासाठी खातेदाराला फोन करायला ३० रुपये खर्च येतो, असं धरू. खालच्या सीमेला २० फसवणुकी निसटतात. नुकसान ४ लाख, फोनचा खर्च ९,६००. वरच्या सीमेला ५० निसटतात. नुकसान १० लाख, फोनचा खर्च १,८००. एफ-वनने नाकारलेली सीमाच दिवसाला जवळपास ६ लाख वाचवते! एफ-वन दोन्ही चुकांना सारखंच वजन देतो, बँकेच्या खात्यावर मात्र त्या सारख्या नसतात. रिकॉलला जास्त वजन देणारा एफ-टू वापरला तर कौल फिरतो: ०.५६ विरुद्ध ०.५४. पायथनच्या scikit-learn लायब्ररीत तो असा मिळतो:

```python
from sklearn.metrics import fbeta_score
fbeta_score(y_true, y_pred, beta=2)
```

रिकॉललाही मर्यादा आहे, ती माणसांची. एका फोनला तीन मिनिटं धरली तर ३२० फोनना १६ तास लागतात, म्हणजे दोन कर्मचाऱ्यांचा पूर्ण दिवस. सीमा आणखी खाली नेली तर फोन उरकले जातात, आणि पकडलेली फसवणूकही ‘ठीक आहे’ म्हणून सोडली जाते.

स्पॅमचं गणित उलटं आहे. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला दिवसाला २०० मेल येतात, त्यातले ८० स्पॅम. पहिला फिल्टर ७६ अडवतो, त्यातले ७२ खरे स्पॅम, एफ-वन ०.९२. दुसरा ६० अडवतो, साठही स्पॅमच, एफ-वन ०.८६. तरी आम्ही दुसराच घ्यायला सांगू. त्यात २० फालतू मेल इनबॉक्समध्ये येतात आणि डिलीट करायला मिनिटभर जातं. पहिल्यात चार कामाचे मेल रोज स्पॅममध्ये पडतात, आणि त्यातला एक कास्टिंगचं कोटेशन मागणारा असू शकतो. बँकेने चुकून अडवलेला व्यवहार फोनवर सुटतो. स्पॅमच्या फोल्डरमध्ये गेलेल्या मेलची चौकशी करायला कोणी येत नाही. इथे प्रिसिजन आधी बघायचं.

एक फसगत नेहमी होते. चाचणीसाठी फसवे आणि चांगले व्यवहार निम्मे-निम्मे घेतात. आधीची ३२० अडवणारी प्रणाली ९९,९०० चांगल्या व्यवहारांतले २४० चुकून अडवते, म्हणजे ०.२४ टक्के. १०० फसवे आणि १०० चांगले घेऊन तिला तपासलं तर चुकीचा इशारा जेमतेम एखादा येईल आणि प्रिसिजन ९९ टक्क्यांच्या आसपास दिसेल. बँकेत बसवल्यावर तेच २५ टक्के. रिकॉल दोन्हीकडे ८० टक्केच राहतो, म्हणून घोळ लवकर लक्षात येत नाही. विक्रेत्याने प्रिसिजन सांगितलं की चाचणीत हजारात किती फसवे होते, हे आधी विचारावं. आणि कालचा रिकॉल आज मोजू नये: खातेदाराची तक्रार कधी कधी काही आठवड्यांनी येते, तोवर निसटलेली फसवणूक नोंदीत चांगल्या व्यवहारांतच धरलेली असते.