नास गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं नाही
(सिनॉलॉजी नास वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

चार डिस्कच्या रेड 5 मधली एक डिस्क गेली, तरी ऑफिसात कुणाला काही कळत नाही. फाइली उघडतात, टॅली चालतं. ॲरे मात्र ‘डिग्रेडेड’ झालेला असतो, आणि दुसरी डिस्क गेली की सगळा डेटा जातो. आमच्या एका ग्राहकाकडे असंच झालं होतं. ईमेल अलर्ट लावलेले होते, पण ज्या खात्यातून मेल जायचे त्याचा पासवर्ड मधल्या काळात बदलला होता. नास मेल पाठवायचा प्रयत्न करत राहिला, मेल मात्र एकही निघाला नाही. आम्ही दुसऱ्याच कामासाठी गेलो, तेव्हा डिस्कचा लाल दिवा दिसला.

तेव्हापासून आम्ही मेल अलर्ट आणि एसएनएमपीने देखरेख, अशा दोन्ही व्यवस्था लावतो. मेलसाठी कंट्रोल पॅनलमधल्या नोटिफिकेशनमध्ये ऑफिसचं खातं जोडतो आणि मेल किमान दोघांना जाईल असं पाहतो. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, गूगल खात्याने साइन-इन करावं लागतं. दर महिन्याच्या एक तारखेला तिथलं टेस्ट मेलचं बटण दाबा आणि मेल खरंच आला का, स्पॅममध्ये तर गेला नाही ना, हे बघा.

एसएनएमपीमध्ये उलट होतं: आमचा सर्व्हर दर पाच मिनिटांनी नासला विचारतो. उत्तर आलंच नाही, तर तोही अलर्टच. मेलमध्ये नेमकी हीच सोय नाही. ॲरेची स्थिती अशी विचारली जाते (पासवर्ड इथे गाळले आहेत):

```
snmpwalk -v3 -l authPriv -u nasmon \
 -a SHA -A '****' -x AES -X '****' \
 192.168.1.20 1.3.6.1.4.1.6574.3.1.1.3
```

उत्तरात 1 आला तर ठीक. 11 म्हणजे डिग्रेडेड, 12 म्हणजे क्रॅश. डिस्क बदलल्यावर 2 दिसतो, म्हणजे दुरुस्ती चालू आहे. त्या वेळी दुसऱ्या कुठल्याही डिस्कला हात लावू नका, नास बंदही करू नका.

तापमानासाठी आम्ही 50 अंशांची मर्यादा ठेवतो, आणि लागोपाठ तीनदा ओलांडली तरच फोन करतो. रविवारी एसी बंद आणि नास बंद कपाटात असेल, तर सगळ्या डिस्क एकदम तापतात. एकटीच डिस्क तापली, तर आधी पंखा आणि तिच्यापुढची धूळ तपासतो.

जागेचा इशारा 80 टक्क्यांवर देतो. इथे मोजायची ती व्हॉल्यूमची ओळ. स्टोरेज पूलच्या ओळीत मोकळी जागा शून्याजवळ दिसू शकते, कारण ती आधीच व्हॉल्यूमला दिलेली असते. फाइली पुसूनही जागा सुटत नसेल, तर बहुधा स्नॅपशॉट आणि रिसायकल बिन ती धरून बसलेले असतात.

एसएनएमपीचं 161 पोर्ट राउटरवर बाहेर उघडू नका. आमचा छोटा सर्व्हर तुमच्याच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसतो, त्यामुळे त्याची गरज पडत नाही.