उघड्या डेस्कटॉपच्या छायाचित्रावरून भाग-ओळख

डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप काढून आतील भागांचे छायाचित्र घेणे आणि त्यावरून रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड यांसारख्या भागांचा प्रकार, पिढी व शक्य तितका नेमका नमुना ठरवणे, या प्रक्रियेला येथे भाग-ओळख म्हटले आहे. स्मार्टफोनचा कॅमेरा घरोघरी आल्यावर, म्हणजे ढोबळमानाने २०१० नंतरच्या दशकात, ही पद्धत रूढ झाली. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत किंवा बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सुटा भाग घ्यायला जाण्यापूर्वी दुकानदाराला किंवा जाणत्या मित्राला “हा फोटो बघ, कुठली रॅम आहे?” असे विचारले जाते. वापरलेला भाग परत घेतला जाईलच असे नसल्याने या प्रश्नाच्या उत्तरावर पैसे अवलंबून असतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः रॅमचा विचार केला आहे, कारण चुकीची खरेदी तिथेच सहज होते.

रॅमच्या पिढ्या. डेस्कटॉपमधील रॅमची पट्टी सुमारे १३३ मिमी लांब असते. डीडीआर३ चे प्रमाणक २००७ मध्ये, डीडीआर४ चे २०१२ मध्ये आणि डीडीआर५ चे २०२० मध्ये जाहीर झाले; घरगुती यंत्रांत प्रत्येक पिढी त्यानंतर साधारण एक-दोन वर्षांनी, डीडीआर४ तर त्याहूनही उशिरा पोहोचली. डीडीआर३ ला २४० संपर्कपिना असतात, पुढच्या दोन्ही पिढ्यांना २८८. एका पिढीची पट्टी दुसरीच्या स्लॉटमध्ये बसू नये म्हणून पिनांच्या ओळीत खाच असते व तिची जागा पिढीगणिक बदलते. डीडीआर३ मध्ये एका बाजूच्या १२० पिना ४८ व ७२ अशा विभागलेल्या असल्याने खाच स्पष्टपणे एका टोकाकडे दिसते. डीडीआर४ मध्ये ७७ व ६७ अशी वाटणी असल्याने ती मध्याजवळ येते आणि डीडीआर५ मध्ये आणखी मध्याकडे सरकते. डीडीआर४ च्या पिनांची कडा सरळ नसून मध्यभागी किंचित खाली उतरलेली असते, हेही एक चांगले लक्षण आहे. कमी स्पष्ट चित्रात डीडीआर२ ची पट्टी डीडीआर४ सारखी भासू शकते, कारण तिच्या खाचेची वाटणी (६४ व ५६) प्रमाणाने जवळपास तीच आहे; तेव्हा कडा सरळ आहे की उतरती, हे पाहावे.

ही सर्व लक्षणे पट्टी हातात असतानाची आहेत. उघड्या कॅबिनेटच्या छायाचित्रात पट्टी स्लॉटमध्ये खोचलेली असते आणि खाच नेमकी स्लॉटच्या आत दडलेली असते. त्यामुळे निर्णायक पुरावा दिसत नाही आणि दुय्यम पुराव्यांवर भागवावे लागते. त्यांपैकी कोणता पुरावा किती भरवशाचा, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

एक मत असे की प्रोसेसरच्या सॉकेटवरून रॅमची पिढी ठरते. हे एएमडीच्या एएम४ (डीडीआर४) आणि एएम५ (डीडीआर५) या सॉकेटांना बिनचूक लागू पडते, इंटेलच्या एलजीए ११५५ व १२०० यांनाही (अनुक्रमे डीडीआर३ व डीडीआर४). पण एलजीए ११५१ चे काही स्वस्त मदरबोर्ड डीडीआर३ चे स्लॉट घेऊन आले होते, तर एलजीए १७०० साठी एकाच प्रोसेसरला चालणारे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे बोर्ड विकले गेले. शिवाय सॉकेट पंख्याखाली झाकलेला असतो. दुसरे मत स्लॉटच्या क्लिपकडे बोट दाखवते: एकाच बाजूला उघडणारी क्लिप म्हणजे डीडीआर४. ही खूण प्रचलित असली तरी तिला आधार कमी आहे, कारण एकतर्फी क्लिपचे स्लॉट साधारण २००९ च्या सुमारास डीडीआर३ च्या काही बोर्डांवरही आले होते. तिसरे मत यंत्राच्या नमुन्यावरून रॅम ठरवावी असे सांगते. यातली अडचण डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० या नावाने दाखवून दिली आहे: हे नाव २०१२ च्या डीडीआर३ वापरणाऱ्या यंत्राला होते आणि २०२३ मध्ये त्याच क्रमांकाची नवी मालिका निघाली, जिच्यात डीडीआर३ नाही. तुलनेने चौथा मार्ग, म्हणजे पट्टीवरील लेबल वाचणे, अधिक भरवशाचा वाटतो. ते झाकलेले असल्यास चिपा मोजणे.

लेबल. सुट्या चिपा दिसणाऱ्या पट्टीवर `8GB 1Rx8 PC4-2666V-UA2-11` यासारखी ओळ असते. `PC4` वरून डीडीआर४ समजते, `PC3` वरून डीडीआर३. पुढच्या अंकाबाबत मात्र दोन रिवाज आहेत व त्यामुळे नेहमी गोंधळ होतो. डीडीआर३ च्या लेबलवर सेकंदाला किती मेगाबाइट वाहून जातात तो आकडा असतो. `PC3-12800` ला ८ ने भागले की १६०० हा वेग मिळतो. डीडीआर४ च्या कारखान्यातील लेबलवर थेट वेग (२६६६) छापतात, पण दुकानातील डब्यावर त्याच पट्टीला `PC4-21300` म्हटलेले असते. २६६६ गुणिले ८ म्हणजे २१३२८, तो आकडा शंभरच्या पटीत खाली आणलेला. म्हणजे हजारांत २१ दिसले म्हणून वेग आठपट मानण्याचे कारण नाही.

वेगाच्या अंकानंतर येणारे `U` किंवा `R` हे अक्षर त्याहून महत्त्वाचे; `1Rx8` मधला `R` वेगळा, तो चिपांची रांग दाखवतो. `U` म्हणजे साध्या डेस्कटॉपची पट्टी. `R` म्हणजे सर्व्हरची, जिच्यात एक जादा नियंत्रक चिप असते. डीडीआर३ व डीडीआर४ मध्ये या दोन्हींची खाच सारखीच असल्याने सर्व्हरची पट्टी डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, क्लिपही लागते, आणि यंत्र मात्र सुरू होत नाही. जुन्या बाजारात मोठ्या क्षमतेची व आश्चर्यकारक स्वस्त पट्टी दिसली तर आधी हे अक्षर पाहावे, असे विक्रेतेच सांगतात.

चिपांची संख्या. मेमरीची वाहिनी ६४ बिट रुंद असते आणि बहुतेक चिपा ८ बिटांच्या (लेबलवरील `x8`). म्हणून ही रुंदी भरणाऱ्या एका रांगेला ८ चिपा लागतात: एका बाजूला ८ असल्या तर `1Rx8`, दोन्ही बाजूंना मिळून १६ असल्या तर `2Rx8`. चार मोठ्या चिपा दिसल्या तर त्या १६ बिटांच्या. नऊ दिसल्या तर नववी चूकदुरुस्तीची. अशी पट्टी बहुधा सर्व्हर किंवा वर्कस्टेशनची. मात्र दुसरी बाजू छायाचित्रात येत नाही, त्यामुळे एका बाजूला ८ दिसल्यावर एकूण ८ की १६ हे उघड राहते.

मधल्या चिपेबाबत विशेष दक्षता हवी. सर्व्हरच्या पट्टीवर मध्यभागी एक वेगळी, आयताकृती नियंत्रक चिप असते. डीडीआर५ च्या साध्या पट्टीवरही मध्यभागी एक जादा चिप असते, पण ती वीजनियंत्रक असते. मदरबोर्डकडून ५ व्होल्ट घेऊन ती १.१ व्होल्टवर आणते. ती आकाराने लहान व चौकोनी असून तिच्या शेजारी राखाडी ठोकळ्यांसारख्या गुंडाळ्या दिसतात. या गुंडाळ्या दिसल्या तर सर्व्हरच्या पट्टीचा संशय घेण्याचे कारण नाही. पिढी डीडीआर५ आहे, एवढेच ते सांगते. रंगीत धातूचे आवरण घातलेल्या ‘गेमिंग’ पट्टीत यातले काहीच दिसत नाही.

उदाहरण. काळ्या कॅबिनेटचा एक फोटो समजा. चार स्लॉटांपैकी दोन भरलेले, लेबलवर `4GB 1Rx8 PC3` इतके वाचता येते व पुढचा भाग साटा केबलखाली गेला आहे. दिसणाऱ्या बाजूस ८ चिपा आहेत. `1Rx8` म्हणजे ८ चिपा हे लेबलच सांगते, तेव्हा मागची बाजू रिकामी समजावी. ४ गिगाबाइट ८ चिपांत विभागले की प्रत्येकीचे ४ गिगाबिट होतात. चिपेचा क्रमांक वाचता आला आणि तो सॅमसंगचा `K4B` किंवा हायनिक्सचा `H5TQ` ने सुरू होत असेल तर डीडीआर३ ची खात्री पटते (डीडीआर४ ला अनुक्रमे `K4A` व `H5AN`). केबलखाली `L` आहे की नाही, म्हणजे पट्टी १.३५ व्होल्टची की १.५ व्होल्टची, हे कळत नाही. १.३५ ची पट्टी १.५ व्होल्टवरही चालते, पण उलटे गृहीत धरू नये. या फोटोवरून डीडीआर३ ची १.३५ व्होल्टची साधी पट्टी घेण्यास हरकत नाही, वेगाचा निर्णय मात्र केबल बाजूला करून घेतलेल्या दुसऱ्या फोटोवर सोडावा. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र दाबले जाऊन लेबलची बारीक अक्षरे विरघळतात, म्हणून ते डॉक्युमेंट म्हणून पाठवणे श्रेयस्कर. झगमगाट टाळण्यासाठी फ्लॅश बंद करून खिडकीच्या उजेडात, पट्टीच्या समोरून फोटो घ्यावा. तिरक्या कोनात चिपा एकमेकींवर चढलेल्या दिसतात व मोजणी चुकते.

यंत्र चालू असेल तर विंडोजच्या पॉवरशेलमधून पडताळा घेता येतो:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory | Select SMBIOSMemoryType, Capacity, PartNumber
```

`SMBIOSMemoryType` मध्ये २४ आले तर डीडीआर३, २६ डीडीआर४, ३४ डीडीआर५. जुन्या बायोसमध्ये येथे निरर्थक अंक येतो. तेव्हा `PartNumber` वरून शोध घ्यावा.

एसएसडी. मदरबोर्डवर आडवी बसलेली, २२ मिमी रुंद व बहुधा ८० मिमी लांब, टोकाला एका स्क्रूने धरलेली पट्टी म्हणजे एम.२ एसएसडी. तीच आखूड (३० मिमी) असून तिला दोन बारीक तारा जोडल्या असतील तर ते वाय-फाय कार्ड आहे. एम.२ आकारावरून वेग ठरत नाही: मंद साटा आणि वेगवान एनव्हीएमई दोन्ही याच आकारात येतात. दोन खाचा असलेले कार्ड बहुतांशी साटा असते, एकच असलेले बहुतांशी एनव्हीएमई. पण बसवलेल्या अवस्थेत खाच येथेही झाकलेली असते.

ग्राफिक्स कार्ड. पंख्यांचे आवरण बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचे असते, त्यावरून आतील चिप कळत नाही; वीजजोडणीवरून मात्र वर्ग समजतो. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीने आणखी ७५ व आठ पिनांच्या जोडणीने १५०. जीटीएक्स १०५० टीआय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बनावट कार्डांत जुनी चिप असते व केवळ बायोस बदललेला असतो. एनव्हिडियाच्या १० मालिकेच्या चिपेतून अ‍ॅनालॉग सिग्नल निघत नसल्याने, मागच्या पट्टीवर निळा व्हीजीए सॉकेट दिसला तर कार्ड संशयास्पद मानतात.