'दुकान' वर आणि 'में' खाली: हिंदी कॅप्शनच्या ओळीची पार्श्वभूमी

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली मुंबईत प्रदर्शित झाला, तेव्हा दोन दृश्यांच्या मध्ये पडद्यावर हिंदी आणि इंग्रजी मजकुराच्या पाट्या येत असत. त्या काळातला साक्षर कर्णबधिर प्रेक्षक शेजारच्या प्रेक्षकाइतकाच चित्रपट समजून घेऊ शकत होता, कारण ऐकण्यासारखे पडद्यावर कोणालाच काही नव्हते. फाळके यांनी पुढे नाशिकला बिऱ्हाड आणि चित्रनिर्मिती हलवली, त्या चित्रपटांनाही हेच लागू होते. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' आला, पात्रे बोलू लागली, पाट्या गेल्या, आणि ही बरोबरी संपली. हिंदी चित्रपट हिंदीतच वाचण्याची सोय परत येण्यास त्यानंतर कित्येक दशके लागली.

या विलंबाचे एक कारण यंत्रात होते. अमेरिकेत १६ मार्च १९८० रोजी दूरचित्रवाणीवर बंद कॅप्शन, म्हणजे हवे तेव्हा चालू किंवा बंद करता येणारी कॅप्शन, नियमितपणे सुरू झाली. तिथल्या प्रसारणात चित्राच्या एकविसाव्या रेषेत मजकूर दडवलेला असे, एका ओळीत ३२ अक्षरे मावत, आणि त्या अक्षरांच्या संचात देवनागरी नव्हती. पुढे डीव्हीडीवर उपशीर्षके चित्ररूपात साठवली जाऊ लागल्याने लिपीची अडचण उरली नाही, तरी हिंदी चित्रपटांच्या बहुतेक तबकड्यांवर इंग्रजी मजकूर असे, कारण तो हिंदी न समजणाऱ्यांसाठी होता. हिंदी समजते पण ऐकू येत नाही, असा ग्राहक त्या हिशेबात धरलेलाच नव्हता.

दूरदर्शनवर हिंदी गाण्यांखाली हिंदी शब्द दिसू लागले ते २००२ मध्ये, 'चित्रहार' या कार्यक्रमात. त्यामागे अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांची समभाषिक उपशीर्षकांची कल्पना होती आणि तिचा हेतू नवसाक्षरांना वाचनाचा सराव मिळावा हा होता. त्यामुळे गायलेला शब्द त्याच क्षणी रंग बदलत असे, परंतु दार वाजले किंवा कोणी हुंदका दिला, तर त्याची नोंद नसे, कारण तो प्रेक्षक ऐकणारा होता. कर्णबधिरांसाठीच्या कॅप्शनला कायद्याचा आधार मिळाला तो २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने. दूरचित्रवाणीसाठीची सुगम्यता मानके सप्टेंबर २०१९ मध्ये आणि चित्रपटगृहांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४ मध्ये आली.

कायदा आला, ओटीटीमुळे कामही आले, पण ओळ कशी तोडायची याचे नियम मात्र इंग्रजीतून उचललेले होते. नाशिकमध्ये घरी बसून हिंदी कॅप्शनचे काम करणाऱ्या आमच्यासारख्या मराठी भाषकांना त्यातली गफलत चटकन दिसते. इंग्रजीत 'मध्ये', 'वर', 'पासून' या अर्थाचे शब्द नामाच्या आधी येतात, म्हणून 'अशा शब्दाच्या आधी ओळ तोडा' हा नियम तिथे अगदी योग्य ठरतो. हिंदीत तेच शब्द नामाच्या नंतर येतात. नियम जसाच्या तसा लावला, तर नाम वरच्या ओळीत अडकते आणि त्याचा प्रत्यय खालच्या ओळीच्या तोंडाशी अनाथ उभा राहतो. मराठीत 'दुकानात' हा एकच शब्द असल्याने तो तुटूच शकत नाही. हिंदीत 'दुकान में' असे मध्ये जागा सोडून लिहितात, आणि सॉफ्टवेअर तर जागा दिसेल तिथेच ओळ मोडते.

एक वाक्य घेऊन पाहू. ओटीटीवर सर्रास चालणारी मर्यादा एका ओळीत ४२ चिन्हे आणि एका वेळी दोन ओळी अशी आहे. नायिका म्हणते, 'अगर तुम आज नहीं आए, तो मैं रमेश की दुकान में चाबी छोड़ दूँगी।' सॉफ्टवेअरवर सोडले तर ते असे मोडते:

अगर तुम आज नहीं आए, तो मैं रमेश की दुकान
में चाबी छोड़ दूँगी।

पहिल्या ओळीत ४० चिन्हे झाली, 'में' मावला नाही, म्हणून तो खाली पडला. ऐकणाऱ्याला याचे काही वाटत नाही, कारण त्याच्या कानावर वाक्य अखंड पडत असते. केवळ वाचणाऱ्याची नजर मात्र 'दुकान'पाशी थांबते, खाली येते, 'में' पाहून मागचा शब्द पुन्हा जुळवते, आणि तेवढ्यात नायिकेचा चेहरा पाहायचा राहून जातो. हाताने मोडलेली ओळ अशी असते:

अगर तुम आज नहीं आए,
तो मैं रमेश की दुकान में चाबी छोड़ दूँगी।

वरची ओळ १९ चिन्हांची, खालची ४१ चिन्हांची. ओळी दिसायला असमान आहेत, पण अट वर आणि परिणाम खाली आला, 'दुकान में' एकत्र राहिले आणि 'छोड़ दूँगी' हे संयुक्त क्रियापदही फुटले नाही. शिवाय 'दूँगी'मधल्या ईकाराने बोलणारी स्त्री आहे हे कळते, त्यामुळे ती पडद्याबाहेर असली तरी काही वेळा नावाची वेगळी पाटी लावावी लागत नाही. ही सोय इंग्रजी कॅप्शनकाराला नाही.

वेळेचा हिशेबही याच मोजणीवर उभा आहे आणि तिथे देवनागरी फसवते. युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजले जातात. 'स्त्री' हे डोळ्यांना एक अक्षर, संगणकाला सहा चिन्हे. वरच्या वाक्यात डोळ्यांना २७ अक्षरे दिसतात, तर संगणक जागा आणि विरामचिन्हे धरून ६० किंवा ६१ मोजतो. हा एकाचा फरकही नुक्त्यामुळे, म्हणजे अक्षराखालच्या टिंबामुळे पडतो, कारण 'ड़' एका चिन्हानेही लिहिता येतो आणि दोन चिन्हांनीही. नायिकेने हे वाक्य तीन सेकंदांत म्हटले, तर वेग सेकंदाला सुमारे २० चिन्हे होतो. इंग्रजीच्या सवयीची मर्यादा लावली, तर वाक्य कापण्याची सूचना येते आणि प्रेक्षकाच्या वाट्याचा संवाद विनाकारण छाटला जातो. उलट 'हाँ' एवढाच उद्गार असेल, तर तो ऐकू येतो तेवढाच वेळ ठेवून चालत नाही. कॅप्शन किमान सेकंदाचा ५/६ भाग, म्हणजे २४ फ्रेमच्या चित्रात २० फ्रेम, टिकावी आणि सात सेकंदांपलीकडे रेंगाळू नये, असा प्रघात आहे.

आवाजांच्या वर्णनात हिंदीकडे शब्दांची श्रीमंती आहे: सरसराहट, खड़खड़ाहट, घरघराहट, सिसकी. आम्ही सुरुवातीला तिचा नको तितका उपयोग केला. गोदाघाटाकडे निघालेल्या विसर्जन मिरवणुकीचे एक दृश्य होते; ढोल आधी लांबून ऐकू येतो आणि नायक मान वळवतो. मी [ढम-ढम] लिहिले होते. पंचवटीतल्या एका जन्मतः कर्णबधिर गृहस्थांना ते दाखवले, तेव्हा त्यांनी वहीवर लिहिले, 'हे काय वाजले? मला ढोल छातीत कळतो, अक्षरांत नाही.' मग तिथे [दूर से ढोल की आवाज़] आले, पुढच्या शॉटला [ढोल पास आ रहा है], आणि वादक पडद्यावर दिसू लागल्यावर काहीच नाही, कारण जे दिसते ते पुन्हा सांगण्यात वाचकाचा वेळ जातो. पहिली कंसातली ओळ नायकाने मान वळवण्याच्या आधी यावी लागते. ती नंतर आली, तर तो उगाच वळला असे वाटते. मिरवणूक अचानक थांबते तिथे [ढोल रुक गया] हेही लिहावे लागले. पडद्यावर टिपऱ्या हवेतच होत्या, आणि शांतता पसरली आहे हे ओळीखेरीज कशानेही कळत नव्हते.