रुपयाची हजेरी

बांधकामावरच्या मुकादमाला गुणोत्तर-प्रमाण कुणी शिकवलेलं नसतं. चार गवंडी तीन दिवस आले की तो वहीत बारा हजेऱ्या मांडतो. दोन गवंडी सहा दिवस आले तरी बाराच. भागीदारीतल्या नफ्याचं गणित याच वहीतलं आहे, फक्त हजेरी माणसांऐवजी रुपयांची लावायची. एक रुपया एक महिना धंद्यात राहिला की झाला एक रुपया-महिना.

समजा, मामा, भाचा आणि शेजारी मिळून फराळाचे पदार्थ आणि मसाले करून विकतात. मामांनी 1 एप्रिलला 1,20,000 रुपये घातले आणि वर्षभर त्यांना हात लावला नाही. भाच्याने त्याच दिवशी 1,80,000 घातले, पण जुलैअखेर घरच्या अडचणीसाठी 60,000 काढून घेतले. शेजारी 1 नोव्हेंबरला 2,40,000 घेऊन आला. मार्चअखेर खर्च, भाडं, पगार सगळं वजा जाता 90,000 रुपये नफा उरला. कुणाला किती?

शेजारी म्हणेल, आज धंद्यात माझे सगळ्यांत जास्त पैसे आहेत. खरंच आहे. 31 मार्चच्या भांडवलाचं प्रमाण 1:1:2 येतं आणि त्याने वाटलं तर एकट्या शेजाऱ्याला 45,000 मिळतात. भाचा म्हणेल, मी सुरुवातीला किती घातले ते बघा. तसं पाहिलं तर घातलेल्या रकमांचं प्रमाण 2:3:4 होतं, भाच्याला 30,000 मिळतात आणि शेजाऱ्याला 40,000. दोन्हीकडे भागाकार बिनचूक आहे. पण पाच महिन्यांचा पैसा आणि बारा महिन्यांचा पैसा एकाच तागडीत टाकला आहे, चूक ती आहे.

सगळ्यांचा काळ सारखा असेल तर नुसत्या रकमांच्या प्रमाणात वाटणी करता येते. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त हाच सोपा प्रकार घेतला आहे: 51, 68 आणि 85 असं भांडवल घालून तिघांनी व्यापार केला, सगळे मिळून 300 झाले, तर कुणाचे किती? एकूण भांडवल 204, म्हणून प्रत्येकाच्या रकमेला 300 ने गुणून 204 ने भागायचं. उत्तर 75, 100 आणि 125. इथे महिन्यांचा उल्लेखच नाही, कारण तिघांचा पैसा बरोबरच आत गेला आणि बरोबरच बाहेर आला, असं धरलं आहे. उलट रकमा सारख्या असत्या आणि काळ वेगळा, तर वाटणी नुसत्या महिन्यांच्या प्रमाणात झाली असती. दोन्ही बदलतात तेव्हा दोन्हींचा गुणाकार. दुप्पट पैसा निम्म्या काळासाठी घातला तर हजेरी तेवढीच.

आता आपल्या तिघांची हजेरी लावू. मामांचे 1,20,000 गुणिले 12, म्हणजे 14,40,000 रुपये-महिने. भाच्याचे दोन तुकडे होतात: पहिले चार महिने 1,80,000, त्याचे 7,20,000, पुढचे आठ महिने 1,20,000, त्याचे 9,60,000, मिळून 16,80,000. शेजाऱ्याचे 2,40,000 गुणिले 5, म्हणजे 12,00,000. तिन्हींना 2,40,000 ने भागलं की प्रमाण निघतं 6:7:5. बेरीज 18, आणि 90,000 चा एक भाग 5,000. मामांना 30,000, भाच्याला 35,000, शेजाऱ्याला 25,000.

उत्तर पटतंय का, हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. रुपये-महिन्यांना 12 ने भागा. मामांचे 1,20,000, भाच्याचे 1,40,000, शेजाऱ्याचे 1,00,000 येतात. हे प्रत्येकाचं वर्षभराचं सरासरी भांडवल. भाच्याची सरासरी 1,20,000 ते 1,80,000 यांच्या मधेच यायला हवी, आणि पैसे काढल्यानंतरचा काळ लांब असल्याने ती 1,20,000 च्या जवळ हवी. तशी नसेल तर कुठेतरी घोळ आहे.

घोळ बहुतेक दोनच ठिकाणी होतो. पहिला म्हणजे दुसऱ्या तुकड्यात उरलेल्या 1,20,000 ऐवजी काढलेले 60,000 च आठ महिन्यांनी गुणले जातात. मग भाच्याची सरासरी 1,00,000 येते, जी त्याच्या सर्वांत कमी शिल्लकेपेक्षाही कमी, म्हणजे अशक्य. दुसरा घोळ बोटांवर महिने मोजण्यातला. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे बरेच जण चार म्हणतात, पण 1 नोव्हेंबर ते 31 मार्च हे पुरते पाच महिने. महिन्याच्या मधल्या तारखेला पैसे आले-गेले असतील तर महिन्यांऐवजी सरळ दिवस मोजावेत, तत्त्व तेच. आपल्या बचत खात्यावरचं व्याज बँका 1 एप्रिल 2010 पासून असंच, रोजच्या शिल्लकेवर काढतात.

इथवरचं गणित पाठ्यपुस्तकात असतं. पण त्यात एक गृहीत गुपचूप बसलेलं आहे: नफा बाराही महिने सारखाच येतो, आणि प्रत्येक रुपया-महिना सारखीच कमाई करतो. फराळाच्या धंद्यात असं कसं होईल? समजा त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरमध्ये होती आणि वही सांगते की 90,000 पैकी 72,000 ऑक्टोबरअखेरपर्यंतच कमावले होते. शेजारी आला तेव्हा आकाशकंदील उतरत होते. त्याला 25,000 द्यायचे म्हणजे ज्या चकल्या-शंकरपाळ्यांत त्याचा एक रुपयाही नव्हता त्यांचा नफा द्यायचा.

अशा वेळी 31 ऑक्टोबरला हिशेब तोडायचा. त्या सात महिन्यांत मामांची हजेरी 8,40,000 आणि भाच्याची 10,80,000, म्हणजे प्रमाण 7:9. 72,000 मधून मामांना 31,500, भाच्याला 40,500. उरलेले 18,000 पुढच्या पाच महिन्यांचे. तिथे काळ सगळ्यांचा सारखाच, म्हणून प्रमाण 1:1:2, म्हणजे मामा आणि भाचा यांना 4,500 प्रत्येकी आणि शेजाऱ्याला 9,000. एकूण मामा 36,000, भाचा 45,000, शेजारी 9,000. त्याच नफ्यातला शेजाऱ्याचा वाटा 25,000 वरून 9,000 वर आला, आणि त्याला तो झोंबणारच.

मामा मात्र इथे हरकत घेऊ शकतात. भाच्याने पैसे काढले जुलैअखेर आणि दिवाळीचा माल भरला त्यानंतर, मग त्याच्या काढलेल्या पैशाला दिवाळीचा वाटा का? जुलैअखेरही हिशेब तोडावा लागेल, आणि तो तोडायला एप्रिल ते जुलैचा नफा वहीत वेगळा दिसला पाहिजे. नसेल तर गणित इथेच थांबतं.

आणि तिघांत काहीच ठरलं नसेल तर? भारतीय भागीदारी कायदा, 1932 याचं कलम 13 सांगतं की वेगळा करार नसेल तर नफा समान वाटायचा आणि तोटाही समान सोसायचा. कुणी किती घातले, किती महिने ठेवले, याला तिथे जागाच नाही. म्हणजे प्रत्येकी 30,000. रुपये-महिन्यांनीही मामांना नेमके तेवढेच मिळत होते, त्यामुळे एवढा खल कशासाठी चालला आहे असं त्यांना वाटेल, वहीत ऑक्टोबरपर्यंतचा नफा दिसेपर्यंत तरी.