खांदे मोकळे झाले, तरी गोळी लगेच बंद नको

“साताऱ्याला आईला स्टेरॉइडनं तीन दिवसांत बरं वाटलं. आता बंद करू का? ती गोळी वाईटच ना?”

नका करू. पॉलिमायाल्जिया रुमॅटिका, म्हणजे खांदे आणि कंबर आखडवणारा सुजेचा आजार, दबलाय, गेलेला नाही. आईंना सकाळी उठल्यावर तासभर दोन्ही हात वेणी घालायलाही वर नेता येत नव्हते, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या रक्तचाचण्या वाढलेल्या होत्या. १५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे हीच स्टेरॉइडची गोळी, साधारण सहा-आठ आठवड्यांत १० वर आणतात, मग महिन्याला १ मिलिग्रॅमनं उतरवतात. म्हणजे वर्षभर तरी लागतं. दुखणं परतलं, तर डॉक्टर आधीच्या डोसवर नेतात.

एक मात्र मनापासून सांगते: कानशिलात नवी डोकेदुखी, भाकरी चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं जायंट सेल आर्टरायटिस, म्हणजे डोक्याकडच्या रक्तवाहिन्यांची सूज, असू शकतं. त्याला हा डोस पुरत नाही, दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.