बीपीची गोळी बदलून मागण्याआधी

यात्रा सुरू झाल्या की आमच्या मेडिकलात एक तक्रार रोज येते : "ही बीपीची गोळी जड पडते, हलकी द्या." उठल्या उठल्या डोळ्यांपुढे अंधारी येते, एखादा तर पडलेलाच असतो. आम्ही हळूच विचारतो, "काल प्यायला बसला होता काय?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं : "थोडीशीच."

माणूस उभा राहिला की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटा-पायांकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून डोक्याकडचा पुरवठा सांभाळतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्या वाहिन्या सैल करतात, काही लघवीवाटे पाणी काढतात. दारू दोन्ही करते. मग आवळायला उशीर होतो आणि तेवढ्यात माणूस कोसळतो.

खानापूरकडचे एक मामा रोज सकाळी बीपीची अम्लोडिपिन 5 घेतात. यात्रेला प्यायची म्हणून त्या सकाळी गोळी मुद्दाम चुकवली. रात्री दारूची नव्वद मिलीची दोन पाकिटं झाली. दोन वाजता लघवीला उठले आणि मोरीच्या दारात पडले. सकाळी इथे बसवून बीपी बघितलं, 128/80. मुलगा म्हणाला, "नॉर्मल तर आहे!" उभं करून एका मिनिटानं बघितलं, 102/68. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 उतरला, तर चक्करेचं कारण तिथेच सापडतं. आठवड्यानं, न पिता, त्यांचं उभ्यानं 124 भरलं.

मामांची चूक सगळेच करतात. अम्लोडिपिन अंगातून निम्मं उतरायलाच 30 ते 50 तास लागतात. सकाळची चुकवली तरी कालची, परवाची आत असतेच. शिवाय प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन मामा रात्री घेतच होते. ती 'बीपीची नव्हे' म्हणून त्यांनी धरलीच नव्हती, पण तीही वाहिन्या सैल करते. उलट गोळ्या चुकवत राहिलं की बीपी चढतं, तो त्रास वेगळाच.

गोळी चालू असेल तर दारू नको, हे आम्ही सांगणारच. तरी घेतलीच, तर रात्री लघवीला बसून जा. कॉटवरून एकदम उठू नका. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, मग आधार धरून उठा. अंधारी आली तर तिथेच खाली बसा किंवा आडवं होऊन पाय उंच करा. डोक्याला मार लागला, छातीत दुखलं किंवा लगेच शुद्ध आली नाही, तर 108 ला फोन करा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही पॉवर बदलत नाही, कापलेली स्ट्रिपही परत घेत नाही. काहींना राग येतो, येऊ दे. त्याऐवजी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, प्रोस्टेटच्यासुद्धा. बसून आणि उभ्यानं बीपी मोजून, आकडे लिहून देतो, पैसे घेत नाही. तो कागद डॉक्टरांना दाखवा. घरी मोजायचं असेल तर दंडावर बांधायचं मशीन आमच्याकडे आहे, उभ्यानं कसं मोजायचं ते इथेच शिकवून देतो.